गावात बल्क मिल्क कूलर बसवायचा आहे? टप्पे असे आखा

हा लेख दूध संस्थांचे नवे अध्यक्ष, सचिव आणि संचालक यांच्यासाठी आहे, ज्यांच्या गावात आता शीतकरण युनिट बसवायची चर्चा सुरू झाली आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेची अध्यक्ष आहे. आमचं गाव आर्वीच्या बाजूला, गवळाऊ गाईंच्या पट्ट्यात. आमचं दूध कॅनमध्ये भरून टेम्पोने चाळीसेक किलोमीटरवरच्या चिलिंग सेंटरला जायचं. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळचं दूध तिथे पोचेपर्यंत काही कॅन उकळून पाहिले की फाटायचे. फाटलेल्या कॅनचे पैसे कापले जायचे आणि कापलेले पैसे शेवटी गोठ्यावरच्या बाईच्या हिशेबातून जायचे. म्हणून गावातच कूलर बसवायचं आम्ही ठरवलं.

यंत्र विकत घेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते जागा, वीज, बँक, बांधकाम, पुरवठादार, परवाना आणि पाऊस यांचं वेळापत्रक एकमेकांत बसवणं. यातलं एक जरी मागे राहिलं तरी बाकीचं तयार असून उपयोग नसतो. शेड उभी आणि कूलर आत, पण वीज नाही, अशी युनिटं तुम्हीही पाहिली असतील. हे टाळायला आम्ही जी पद्धत शिकलो आणि वापरली, ती क्रमाने सांगते.

1. आधी दूध मोजा, मग टाकी ठरवा

सरासरीवर टाकी ठरवू नका. संकलन रजिस्टर काढा आणि वर्षातल्या सगळ्यात भरल्या महिन्याचे सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे वेगवेगळे लिहा. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साधारण 650 आणि संध्याकाळी 450 लिटर दूध येतं. दिवाळीनंतर तेच सकाळी 950 आणि संध्याकाळी 650 लिटरपर्यंत जातं. दिवसाला 1600 लिटर होतात म्हणून आम्ही 2000 लिटरची टाकी धरली. पण खरा प्रश्न सकाळच्या 950 लिटरचा होता, आणि त्यासाठी दरपत्रकातली अक्षरं वाचता आली पाहिजेत.

बल्क कूलरच्या दरपत्रकात बहुतेक वेळा आयएसओ 5708 असं लिहून पुढे 2BII अशी खूण असते. त्यातला 2 म्हणजे टाकी दोन वेळच्या दुधाने भरायची. प्रत्येक वेळी निम्मी टाकी, म्हणजे 2000 लिटरच्या टाकीत एका वेळी 1000 लिटर. शेवटचा II हा थंड होण्याचा वेळ सांगतो: 35 अंशांचं दूध 4 अंशांवर तीन तासांत. मधलं B हे अक्षर बाहेरच्या हवेचं आहे. B वर्गाची मशीन ही कामगिरी बाहेर 32 अंश असताना दाखवते आणि 38 अंशांपर्यंत सुरक्षित चालते. A वर्गात हेच आकडे 38 आणि 43 आहेत.

आता वर्ध्याचा मे महिना आठवा. पारा 44-45 वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. म्हणून विदर्भात A वर्गच मागा, आणि तोही उन्हाळ्यात अपुरा पडू शकतो हे धरून शेड आखा. हे अक्षर पहिल्या दरपत्रकापासून कागदावर हवं. ऑर्डर झाल्यावर ते बदलत नाही.

2. कामांची यादी आणि टप्पे वेगळे ठेवा

पहिल्या बैठकीत आम्ही कामांची यादी केली होती: जागा पाहणे, वीज, बांधकाम, कर्ज, परवाना. पुढच्या बैठकीत प्रत्येक कामापुढे "चालू आहे" असं उत्तर मिळालं. त्याच्या पुढच्या बैठकीतही तेच. प्रत्येक जण खरंच धावपळ करत होता, पण युनिट कधी सुरू होईल हे त्या यादीवरून कोणालाच सांगता येत नव्हतं.

आमच्या गावात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता राहतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना बैठकीला बोलावलं. यादी वाचून ते म्हणाले, "ताई, 'चालू आहे' हे मला सांगू नका. मी या गावचा नाही, तुम्हाला ओळखत नाही, असं धरा. नुसतं पाहून मला कळलं पाहिजे, झालं का नाही झालं. असं जे सांगता येतं, तो टप्पा."

कालव्याच्या कामावर त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. तिथे यालाच माइलस्टोन म्हणतात. टप्प्याला लांबी नसते. काम महिनाभर चालतं, टप्पा एका दिवशी गाठला जातो. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. "ऐंशी टक्के झालं" हे टप्प्याचं उत्तर होऊ शकत नाही.

आम्ही "वीज" हा शब्द खोडला आणि त्याजागी लिहिलं: "शेडमध्ये मीटर बसलं आहे, तिन्ही फेज आले आहेत आणि संध्याकाळी सात वाजता प्रत्येक दोन फेजमध्ये मोजलेला दाब रजिस्टरमध्ये लिहिला आहे." संध्याकाळी सात यासाठी, की गावातला भार तेव्हा सगळ्यात जास्त असतो आणि आमच्या संध्याकाळच्या दुधाची वेळही तीच. दुपारी 415 व्होल्ट दाखवणारी लाइन संध्याकाळी किती खाली येते, ते मोजल्याशिवाय कळत नाही. दाब फार पडत असेल तर कॉम्प्रेसरची मोटर जळते, आणि मग स्टॅबिलायझर घेणं भाग पडतं.

तुम्हीही प्रत्येक टप्प्यापुढे चारच गोष्टी लिहा: काय झालेलं असेल, पुरावा काय, तारीख कोणती, आणि जबाबदार माणूस कोण. माणसाचं नाव एकच हवं. "समिती" असं लिहिलं की विचारायचं कोणाला, हे ठरत नाही. आमच्या बारा टप्प्यांमागे सात जणांची नावं होती. टप्पे दहा-पंधराच्या वर नेऊ नका, नाहीतर तक्ता पुन्हा कामांची यादी होऊन बसतो.

3. शेवटच्या तारखेपासून मागे या

आम्ही शेवटचा टप्पा आधी लिहिला: 15 ऑक्टोबरला आमच्या दारातून 4 अंशांच्या दुधाचा पहिला टँकर निघेल. पोळ्यानंतर जनावरं वितात, दूध चढायला लागतं आणि त्या वाढत्या दुधातून कर्जाचे पहिले हप्ते निघतात. ती तारीख हुकली तर दिवाळीचा भर हातचा जातो.

तिथून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत मागे आलो: याच्या आधी काय झालेलं असलंच पाहिजे? टँकरच्या आधी पाण्याची चाचणी, 1 ऑक्टोबर. चाचणीच्या आधी कूलर जोत्यावर, 10 सप्टेंबर. त्याच्या आधी शेड, फरशी आणि नाली पूर्ण, 25 ऑगस्ट. पुरवठादार कूलर बनवायला आठ-दहा आठवडे मागत होता, म्हणजे ऑर्डर उशिरात उशिरा 30 जूनला. आणि शेडचं जोतं 5 जूनला.

या जोत्याच्या तारखेकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडची काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. भरलेली 2000 लिटरची टाकी दोन टनांच्या वर जाते. काळी माती खणून काढून मुरूम थराथराने दाबून भरल्याशिवाय जोतं बांधलं, तर वर्षभरात फरशी एका बाजूने खचते. टाकी वाकडी झाली की दुधात बुडवायची मापपट्टी चुकीचे लिटर दाखवते आणि रोजच्या हिशेबात भांडण सुरू होतं. मृगाचा पाऊस लागला की खड्ड्यात पाणी साचतं आणि मुरूम दाबता येत नाही. म्हणजे जोतं पावसाआधी झालं नाही, तर ते दसऱ्यापर्यंत जातं.

उलट उन्हाळ्यात काँक्रीटच्या तराईला पाणी मिळत नाही. आम्ही एप्रिलमध्येच तराईसाठी टँकर सांगून ठेवला होता. आणि मजूर? ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी, लगेच पाठोपाठ कापसाची वेचणी. त्या दिवसांत गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळत नाही, म्हणून शेडचं काहीही सप्टेंबरच्या पुढे ठेवलं नाही. तुमच्या गावचं शेतीचं वेळापत्रक तारखा लिहिण्याआधीच कागदावर आखा.

4. मोठा पैसा सुटण्याआधी एक थांबा ठेवा

काही टप्पे फक्त प्रगती दाखवतात. एक टप्पा मात्र असा हवा की तो पूर्ण झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचंच नाही. आमच्याकडे तो कूलरच्या ऑर्डरच्या आधी होता. ऑर्डरसोबत 30 टक्के रक्कम जाते आणि ती परत मिळत नाही. त्याआधी आम्ही चार कागद टेबलावर मागितले.

पहिला, दूध घेणाऱ्या डेअरीचं सही-शिक्क्याचं पत्र. त्यात टँकर आपल्या दारात येईल का, रोज की दिवसाआड, दूध किती अंशांवर हवं आणि थंड करण्याचा मोबदला लिटरमागे किती, हे स्पष्ट हवं. तोंडी "घेऊ आम्ही" यावर लाखोंचं यंत्र घेऊ नका. टँकर दिवसाआड येणार असेल तर टाकीचा आकारच बदलतो, कारण मग दोन वेळचं नाही, चार वेळचं दूध साठवावं लागतं.

दुसरा, जागेचा नोंदणीकृत भाडेकरार, कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त वर्षांचा. तिसरा, वीज जोडणीची डिमांड नोट भरल्याची पावती. चौथा, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र.

विजेच्या बाबतीत एक सापळा सांगते. शेताजवळची जागा स्वस्त मिळते आणि समोरून तीन तारा जाताना दिसतात. पण ती लाइन शेतीपंपांच्या फीडरची असेल तर तिथे थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच असते, आणि तेही कधी दिवसा, कधी रात्री. दुधाला सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा वीज लागते. जागा पक्की करण्याआधी तिथला लाइनमन गाठा आणि जवळचा डीपी कोणत्या फीडरवर आहे ते विचारा. आम्ही त्यामुळेच पहिली पाहिलेली जागा सोडली आणि गावठाणाला लागून थोडी महाग जागा घेतली.

जनरेटर तरीही लागतोच. त्याचा आकार अंदाजाने घेऊ नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून किती केव्हीएचा जनरेटर लागेल हे कूलरच्या पुरवठादाराकडून लेखी घ्या.

5. कागदपत्रं आधीच एका फाइलमध्ये लावा

एकच कागद तीन-तीन ठिकाणी लागतो. त्यामुळे पहिल्याच महिन्यात ही फाइल करा आणि प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती ठेवा:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी
- सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यात खर्चाची आणि कर्जाची कमाल रक्कम आकड्यांत
- मागच्या 3 वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- मागच्या 12 महिन्यांचा संकलनाचा तक्ता, सकाळ-संध्याकाळ वेगळा
- जागेचा 7/12 किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8, आणि भाडेकरार
- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
- पाण्याचा तपासणी अहवाल
- कूलरची 3 दरपत्रकं, वर्ग आणि क्षमता लिहिलेली
- संस्थेचं पॅन कार्ड आणि बँक खात्याचा उतारा
- अन्न परवान्याचा अर्ज

यातला ठराव नीट लिहा. "कूलर बसवण्यास मंजुरी" एवढंच लिहिलेला ठराव बँक परत पाठवते, आणि मग पुन्हा सभा, पुन्हा नोटीस, पुन्हा कोरम. पाण्याचा अहवालही लोक शेवटी आठवतात. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर तो सगळ्यात आधी काढा. जड किंवा खारट पाण्याने टाकी धुतली की स्टीलवर पांढरा थर बसतो आणि त्या थरात जंतू टिकतात. मग पाणी मृदू करण्याच्या संयंत्राचा खर्चही अंदाजपत्रकात धरावा लागतो.

6. दर पंधरवड्याला तारीख पुन्हा विचारा, जुनी खोडू नका

मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. काकांनी संस्थेच्या भिंतीवर मोठा कागद लावायला सांगितला. डावीकडे टप्पे, वर पंधरा-पंधरा दिवसांच्या बैठकीच्या तारखा. प्रत्येक बैठकीत जबाबदार माणसाने एकच सांगायचं: आज पाहता हा टप्पा कोणत्या तारखेला होईल? ती तारीख त्या रकान्यात लिहायची. आधीची तारीख तशीच ठेवायची.

आमच्या मीटरच्या टप्प्याची ओळ मार्चच्या मध्यापर्यंत अशी झाली होती:

| बैठक | त्या दिवशी सांगितलेली तारीख |
|---|---|
| 1 फेब्रुवारी | 15 जून |
| 15 फेब्रुवारी | 30 जून |
| 1 मार्च | 15 जुलै |
| 15 मार्च | 31 जुलै |

एकेक तारीख सुटी पाहिली तर काळजीचं कारण नव्हतं. आम्हाला वीज सप्टेंबरमध्ये लागणार होती आणि 31 जुलै त्याच्या बराच आधी येतो. पण ओळ सलग वाचा. दर पंधरा दिवसांनी तारीख पंधरा दिवस पुढे जात होती. म्हणजे मधल्या काळात काम तसूभरही सरकलं नव्हतं, ते कुठेतरी अडून बसलं होतं. तारीख कॅलेंडरच्याच वेगाने पुढे पळत असेल तर आणखी वाट पाहू नका, त्याच बैठकीत अडण्याचं कारण शोधा.

आमच्या इथे जबाबदारी एका तरुण संचालकाकडे होती. तो मनापासून फेऱ्या मारत होता आणि दर वेळी "होऊन जाईल जी" असं उत्तर घेऊन परत येत होता. काकांनी त्याला विचारलं, "लाइन कोणाच्या वावरातून येते?" तेव्हा कळलं की तीन नव्या खांबांपैकी दोन एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर आणि एक आत वावरात येणार होता, आणि त्या शेतकऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं. सर्व्हे झाला, अंदाजपत्रक झालं, पण संमतीविना पुढचा कागद हलत नव्हता.

मग आम्ही तो एक टप्पा तीन टप्प्यांत फोडला: शेतकऱ्याची संमतीवर सही, 31 मार्च. खांब उभे, 31 मे. मीटर चालू, 30 जून. मधली तारीख पेरणीने ठरवली होती. जूनच्या मध्यात पेरणी झाली की उभ्या पिकात कोणी गाडी घालू देत नाही, आणि मग खांब पीक निघाल्यावरच. म्हणजे ज्या टप्प्याला आम्ही सप्टेंबरपर्यंत सवड आहे असं समजत होतो, त्याची खरी मुदत मे अखेर होती.

शेतकऱ्याकडे मी स्वतः आणि गावातले दोन वडीलधारे गेलो. त्यांचं म्हणणं साधं होतं: वावरातला खांब धुऱ्यावर सरकवा, वखराला अडचण नको. लाइनमनने जागेवर पाहून तसं शक्य असल्याचं सांगितलं आणि सही झाली. पुढच्या बैठकांत त्या ओळीतली तारीख 30 जूनवरच थांबली. टप्पा मार्गावर आल्याची हीच खूण.

दोन सूचना. तारीख पुढे गेली म्हणून बैठकीत कोणाला बोलू नका. बोलणी बसली की पुढच्या वेळी माणूस खोटी तारीख सांगतो आणि तक्ता निकामी होतो. आणि तारीख लिहिताना त्यामागचं एक वाक्याचं कारणही वहीत लिहा. तीच अडचण दुसऱ्या गावाला येते तेव्हा ते कारण कामी येतं.

7. कूलर येण्याआधी दार मोजा

हे थोडक्यात सांगते. टाकी एका तुकड्यात येते. तिची रुंदी आणि उंची ऑर्डरच्या दिवशीच लेखी घ्या आणि शेडचं शटर त्यापेक्षा किमान एक फूट मोठं ठेवा. "शेड पूर्ण" या टप्प्याच्या पुराव्यात आम्ही टेपने मोजलेली शटरची रुंदी लिहिली होती.

गरम हवा बाहेर फेकणारा कंडेन्सर पश्चिमेच्या भिंतीला लावू देऊ नका, तिथे दुपारचं ऊन थेट येतं. त्याच्यासमोर मोकळी जागा आणि फेकलेली हवा परत आत न येण्याची सोय हवी. जोतं पाणसळीने तपासून घ्या आणि टाकी बसल्यावर पुन्हा तपासा. हे सगळं पाहून मगच 50 टक्क्यांचा दुसरा हप्ता.

8. पाण्याची चाचणी, आणि मे महिन्यातली दुसरी

दूध घालण्याआधी पाण्यावर चाचणी घ्या. टाकीत 1000 लिटर पाणी भरा आणि ते 35 अंशांवर आणा. ऑक्टोबरात टाकीचं पाणी त्याहून थंड असतं, म्हणून थोडं तापवून मिसळावं लागतं. 28 अंशांपासून सुरू केलेली चाचणी मशीनला सोपी जाते आणि तुम्हाला काहीच सांगत नाही. पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर घ्या. तो बरोबर आहे का हे पाहायला बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका भांड्यात घेऊन त्यात बुडवा, शून्य दाखवला पाहिजे.

मग दर अर्ध्या तासाला पाण्याचा अंश, बाहेरच्या हवेचा अंश आणि वीज मीटरचा आकडा लिहा. हजार लिटर पाणी 35 वरून 4 वर आणायला साधारण 36 युनिट इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. चांगला कॉम्प्रेसर त्यासाठी पंधराच्या आसपास युनिट वीज घेतो. हा आकडा जपून ठेवा. पुढे कधी तेवढंच दूध थंड करायला वीस-बावीस युनिट लागू लागले, तर कंडेन्सर धुळीने चोंदला आहे किंवा गॅस कमी झाला आहे, हे दूध फाटण्याच्या कितीतरी आधी कळेल.

आमची चाचणी तीन तासांच्या आत पार पडली आणि 15 टक्क्यांचा हप्ता दिला. पण ऑक्टोबरमध्ये बाहेर 33 अंश होते. त्यावरून मे महिन्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. म्हणून आम्ही ऑर्डरमध्येच बारावा टप्पा लिहिला होता: मे महिन्यात दुपारी, सावलीत 44 अंशांपर्यंत असताना, 1000 लिटर पाणी साडेतीन तासांत 4 अंशांवर आलं पाहिजे. शेवटचे 5 टक्के तोपर्यंत राखून. पुरवठादार एवढा काळ पैसे अडकवायला सहसा तयार नसतो. तसं असेल तर ते 5 टक्के द्या, पण तेवढ्याच रकमेची जून अखेरपर्यंतची बँक गॅरंटी त्याच्याकडून घ्या.

मे महिन्यात टँकर सकाळी गेला की टाकी रिकामी असते, तेव्हा ही चाचणी करता येते. पाणी वाया घालवायची गरज नाही. चाचणीनंतर आम्ही ते गावच्या जनावरांच्या हौदात सोडलं. पहिल्या वेळी तीन तास चाळीस मिनिटं लागली. पुरवठादाराचा मेकॅनिक हजर होताच. त्याने कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये बसलेली धूळ आणि कापसाचे तंतू हवेच्या दाबाने काढले. आम्ही शेडच्या वरच्या अंगाला जाळी बसवून गरम हवेला वाट करून दिली. त्याच आठवड्यात पुन्हा मोजलं तेव्हा तीन तास दहा मिनिटं लागली. नोंदीवर सचिव आणि मेकॅनिक दोघांच्या सह्या घेतल्या, आणि उरलेले 5 टक्के देऊन टाकले. आता दर फेब्रुवारी अखेर, वेचणीची गर्दी संपली की, कंडेन्सरची सफाई करून घेतो आणि मीटरचा आकडा चाचणीच्या नोंदीशी ताडून पाहतो.